नफा कमी पडला तर भागीदारांचं व्याज कसं मांडायचं? एका कृषी सेवा केंद्राचा हिशोब

दुकानाला भरपूर नफा असतो त्या वर्षी भागीदारांच्या भांडवलावरचं व्याज काढणं अवघड नसतं. दराने गुणायचं, ज्याचं त्याला जमा करायचं, उरलेला नफा वाटून टाकायचा. गाठ पडते ती सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी. खरिपाची उधारी निम्मी अडकलेली असते, मार्चअखेर नफा निघतो ८१ हजार आणि भागीदारांचं व्याजच होतं दीड लाख. मग कोणाला किती द्यायचं? बैठकीत प्रत्येकाचं वेगळं गणित असतं, आणि तिन्ही गणितं ऐकायला बरोबर वाटतात.

मी लातूर-औसा भागातल्या दुकानांच्या वह्या लिहितो. असे हिशोब करताना नवा मुनीम, बी.कॉम. होऊन नुकताच कामाला लागलेला मुलगा किंवा स्वतःची वही स्वतः लिहिणारा भागीदार कुठे अडतो, हे मला ठाऊक झालं आहे. म्हणून एकच हिशोब घेऊन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो. आकडे डोक्यात बसावेत म्हणून गोल केले आहेत.

दुकान कृषी सेवा केंद्राचं आहे. बियाणं, खतं आणि औषधं विकली जातात. भागीदार तीन: अण्णा, त्यांचे दाजी आणि दुसऱ्या बहिणीचा मुलगा, ज्याला सगळे भाचाच म्हणतात. अण्णांनी पैसा घातला, दाजींनी थोडा पैसा आणि ओळखीपाळखी आणल्या, भाचा दिवसभर गल्ल्यावर असतो. त्यामुळे भांडवल कमी-जास्त असलं, तरी नफा-तोटा तिघांत सारखा वाटायचा असं ठरलेलं आहे. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

हाताशी काय हवं

- भागीदारीचा करारनामा, आणि नंतर काही बदल झाले असतील तर त्यांचे पुरवणी करार
- प्रत्येक भागीदाराचं भांडवल खातं आणि चालू खातं, वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकेसह
- रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक, म्हणजे उचलीच्या तारखा काढता येतील
- दुकानातून घरी किंवा शेतावर नेलेल्या मालाची नोंद
- भागीदाराने फर्मला उसने दिले असतील तर त्याचा कागद
- नफा-तोटा खातं, भागीदारांचं व्याज धरण्याआधीचं

## १. आधी करारनामा उघडा, कॅल्क्युलेटर नंतर

करारनाम्यात चार गोष्टी शोधायच्या. भांडवलावर व्याज द्यायचं आहे का आणि किती टक्के? उचलीवर व्याज घ्यायचं आहे का आणि किती? कोणाला पगार किंवा कमिशन आहे का? आणि चौथी, जी बहुतेक जण वाचतच नाहीत: नफा पुरला नाही तर काय करायचं, याबद्दल एखादं वाक्य आहे का?

करारनामा गप्प असेल, तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चं कलम १३ लागू होतं. त्याचा अर्थ सरळ आहे. ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला नाही, भांडवलावर व्याज नाही, आणि नफा-तोटा सगळ्यांत सारखा. भांडवलावर व्याज द्यायचं ठरलेलं असलं, तरी ते फक्त नफ्यातूनच द्यायचं. उचलीवरही ठरल्याशिवाय व्याज लावता येत नाही. “आपल्याकडे पद्धतच आहे दीड टक्का लावायची” असं कोणी म्हणालं, तर पद्धत कुठे लिहिली आहे ते विचारा. कागदावर नसेल आणि सगळ्या भागीदारांना मान्य नसेल, तर ती पद्धत वहीत आणू नका.

आमच्या दुकानाच्या करारनाम्यात भांडवलावर दरसाल १० टक्के आणि उचलीवर दरसाल १२ टक्के व्याज लिहिलेलं आहे. पगाराचा उल्लेख नाही. नफा कमी पडला तर काय, याबद्दलही एक अक्षर नाही. म्हणजे कायद्याचा साधा नियम धरायचा: भांडवलावरचं व्याज ही नफ्याची वाटणी आहे, दुकानाचा खर्च नाही. नफा असेल तेवढंच व्याज.

“दरसाल” हा शब्द आहे का तेही बघा. नुसतं “उचलीवर १२ टक्के” लिहिलेलं असेल, तर तो दर मुदतीवर लावायचा की रकमेवर सरसकट, यावरून वाद होतो. परीक्षेच्या गणितात “दरसाल” नसेल तर बहुधा सरसकट धरतात. प्रत्यक्ष दुकानात मात्र भागीदारांकडून लेखी खुलासा घेतलेला बरा.

## २. उसने दिलेले पैसे भांडवलातून वेगळे काढा

१ जुलैला खताचा माल उतरवायला पैसे कमी पडले, म्हणून अण्णांनी दोन लाख दिले. वहीत नोंद होती “अण्णांकडून जमा, २,००,०००”. एवढ्यावरून हे भांडवल की कर्ज, हे कळत नाही. अण्णांनी ते हंगामापुरते उसने दिले होते आणि तिघांची त्यावर सही होती, म्हणून ते कर्ज धरायचं.

हा फरक नावापुरता नाही. भागीदाराने ठरलेल्या भांडवलाव्यतिरिक्त फर्मला रक्कम दिली आणि व्याजाचा दर ठरलेला नसेल, तर कलम १३ नुसार त्यावर दरसाल ६ टक्के व्याज मिळतं. हे व्याज नफ्यावर अवलंबून नाही. दुकान तोट्यात असलं तरी ते द्यावं लागतं, बँकेला द्यावं लागतं तसंच. म्हणून ते विनियोजन खात्यात, म्हणजे नफा भागीदारांत वाटायच्या खात्यात, येत नाही. ते आधीच नफा-तोटा खात्यात खर्च म्हणून जातं.

आमच्या हिशोबात २,००,००० वर ६ टक्क्यांनी ९ महिन्यांचं व्याज ९,००० होतं. हे धरण्याआधी नफा ९०,००० होता. धरल्यावर राहिला ८१,०००. हे ९,००० अण्णांच्या कर्ज खात्यात जमा करा, चालू खात्यात नको. तिथे गेलं की उचलीत मिसळतं आणि पुढच्या वर्षी त्याचा पत्ता लागत नाही.

## ३. भांडवलावरचं व्याज: पूर्ण हक्क किती, तो आधी काढा

नफा कमी आहे हे दिसत असलं, तरी प्रत्येकाचं पूर्ण व्याज आधी काढायचंच. पुढे वाटणीचं प्रमाण त्यावरूनच ठरतं.

अण्णांचं भांडवल वर्षभर ८,००,००० होतं, व्याज ८०,०००. भाच्याचं २,००,०००, व्याज २०,०००. दाजींचं सुरुवातीला ४,००,००० होतं, आणि १ ऑक्टोबरला त्यांनी आणखी २,००,००० भांडवल म्हणून घातले. म्हणून ४,००,००० वर वर्षभराचं ४०,००० आणि नव्या २,००,००० वर सहा महिन्यांचं १०,०००, असे मिळून ५०,०००. तिघांचं मिळून १,५०,०००.

इथे ताळेबंदातली अखेरची शिल्लक उचलून तिला १० टक्के लावायचा मोह होतो. तसं केलं तर दाजींना ६०,००० दिसतील, म्हणजे १०,००० जास्त. आणि ज्या फर्मच्या वहीत भांडवल खातं व चालू खातं वेगळं नाही, तिथे गोष्ट आणखी बिघडते. अखेरच्या शिलकेत वर्षभराची उचल वजा झालेली असते, मागची नफ्याची रक्कम मिळालेली असते. अशा वेळी उलटं जायचं: अखेरच्या शिलकेत वर्षातली उचल परत मिळवायची, वर्षात जमा केलेला नफा आणि नवं भांडवल वजा करायचं, की सुरुवातीची शिल्लक हाती येते. तिच्यावर व्याज काढायचं आणि नव्या भांडवलावर त्याच्या तारखेपासून वेगळं.

## ४. उचलीवरचं व्याज: तारीख महत्त्वाची

दर १२ टक्के असल्याने काम सोपं आहे. महिन्याला बरोबर एक टक्का पडतो.

अण्णांनी एकदाच उचल केली. रब्बीच्या पाण्यासाठी पाइपलाइन टाकायला १ डिसेंबरला ६०,००० नेले. मार्चअखेरपर्यंत चार महिने, म्हणून चार टक्के, २,४००.

दाजी घरखर्चाला दर महिन्याच्या १ तारखेला ५,००० घेतात. वर्षाचे ६०,०००. पहिल्या हप्त्यावर १२ महिन्यांचं व्याज, शेवटच्यावर एका महिन्याचं. १२ ते १ यांची सरासरी साडेसहा महिने. म्हणून ६०,००० वर साडेसहा टक्के, ३,९००. हीच रक्कम त्यांनी महिन्याच्या शेवटी घेतली असती तर ११ ते ० यांची सरासरी, साडेपाच महिने धरले असते. महिन्याच्या मध्यावर घेतली असती तर सहा महिने. वर्षभर दर महिन्याला सारखी रक्कम घेतली असेल तरच ही सरासरी चालते. एक महिना चुकला किंवा रक्कम बदलली की ती वापरू नका.

भाच्याची उचल अशी सरळ नाही. १ जुलैला पेरणीसाठी त्याने दुकानातूनच सोयाबीनचं बियाणं आणि खताच्या गोण्या नेल्या, खरेदी भावाने १२,००० च्या. १ ऑक्टोबरला १५,००० रोख घेतले. १ जानेवारीला २४,०००. इथे प्रत्येक रकमेला उरलेल्या महिन्यांनी गुणायचं:

- १२,००० × ९ = १,०८,०००
- १५,००० × ६ = ९०,०००
- २४,००० × ३ = ७२,०००

बेरीज २,७०,०००. तिच्यावर एका महिन्याचं एक टक्का व्याज, २,७००.

मालाची ती नोंद सहसा वहीत सापडतच नाही. गोण्या शेतावर गेल्या, पैसे आले नाहीत, बिल फाडलं नाही. वर्षअखेर साठा मोजताना माल कमी भरतो आणि तेवढा नफा कमी दिसतो. म्हणजे भाच्याच्या शेतातल्या खताचा खर्च तिघांच्या माथी. शेतीची दुकानं चालवणाऱ्या आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक भागीदाराची स्वतःची जमीन असते, म्हणून जून-जुलैत कोणी काय नेलं हे त्याच दिवशी खरेदी भावाने उचलीला लावा आणि खरेदीतून वजा करा. तिथे विक्री दाखवायची नाही.

तिघांच्या उचलीवरचं व्याज: २,४०० + ३,९०० + २,७०० = ९,०००. अण्णांच्या कर्जाचं व्याजही ९,०००च आहे, पण तो योगायोग. दोन्ही एकमेकांत वळती करू नका.

## ५. वाटायला नेमकं किती आहे?

निव्वळ नफा ८१,०००. त्यात उचलीवरचं व्याज ९,००० मिळवायचं. वाटायला उपलब्ध: ९०,०००.

हा क्रम पाळा. पुष्कळ जण ८१,००० ची तुलना दीड लाखाशी करतात, तेवढेच वाटून टाकतात, आणि उचलीवरचं व्याज शेवटी “उरलेला नफा” म्हणून तिघांत सारखं वाटतात. व्याजाचे हक्क पूर्ण फिटलेले नसताना नफा उरतोच कसा? ते ९,००० सुद्धा आधी व्याजाकडेच जायला हवेत.

उचलीवरच्या व्याजाने दुकानात नवा रुपया येत नाही, हेही समजून घ्या. एका भागीदाराकडून घेऊन तिघांच्या वाटणीत टाकलं, एवढंच. याचा उपयोग शेवटी ताळा पाहायला होईल.

## ६. कमी पडलेला नफा कोणत्या प्रमाणात?

हक्क १,५०,०००, हातात ९०,०००. ६०,००० कमी.

भाचा म्हणतो, नफा सारखा वाटायचा ठरलंय ना, मग प्रत्येकी ३०,०००. अण्णा म्हणतात, माझं व्याज पूर्ण ८०,००० द्या, आणि कमी पडलेले ६०,००० तिघांवर सारखे टाका. नियम या दोघांच्याही बाजूने नाही.

नियम असा: नफा व्याजाला पुरत नसेल, तर आहे तेवढा नफा प्रत्येकाच्या *व्याजाच्या हक्काच्या प्रमाणात* वाटायचा. नफा-तोटा वाटणीचं प्रमाण इथे येतच नाही. कारण ते प्रमाण व्याज देऊन उरलेल्या नफ्यासाठी आहे, आणि इथे उरलेलं काहीच नाही.

८०,००० : ५०,००० : २०,०००, म्हणजे ८ : ५ : २. एकूण १५ भाग. ९०,००० ला १५ ने भागलं की एक भाग ६,०००. अण्णा ४८,०००, दाजी ३०,०००, भाचा १२,०००. प्रत्येकाला आपल्या हक्काच्या ६० टक्के मिळाले. सगळ्यांचा टक्का सारखाच यायला हवा. एकाचा जरी वेगळा आला तर प्रमाण चुकलं.

भांडवलाचं प्रमाण वापरलं तर? भांडवल वर्षभर न बदलता असेल आणि दर सगळ्यांना एकच असेल, तर उत्तर तेच येतं. दाजींनी मध्येच पैसे घातल्यामुळे आमच्याकडे ते जुळत नाही. अखेरचं भांडवल ८ : ६ : २ आहे, सुरुवातीचं ८ : ४ : २, आणि व्याजाचं ८ : ५ : २. म्हणून सरळ व्याजाचंच प्रमाण घ्या.

राहिलेले ६०,००० पुढच्या वर्षी मागता येतात का, हा प्रश्न अण्णांनी विचारलाच. करारनाम्यात तसं लिहिलेलं नसेल तर नाही. ते फर्मवर देणं नाही, ताळेबंदात ते दाखवायचं नाही.

## ७. विनियोजन खातं आणि नोंदी

| नावे | रु. | जमा | रु. |
|---|---|---|---|
| भांडवलावरील व्याज: अण्णा | ४८,००० | निव्वळ नफा, नफा-तोटा खात्यावरून | ८१,००० |
| भांडवलावरील व्याज: दाजी | ३०,००० | उचलीवरील व्याज: अण्णा | २,४०० |
| भांडवलावरील व्याज: भाचा | १२,००० | उचलीवरील व्याज: दाजी | ३,९०० |
| | | उचलीवरील व्याज: भाचा | २,७०० |
| एकूण | ९०,००० | एकूण | ९०,००० |

वाटणीचा नफा ही ओळच येत नाही. शून्य लिहून ती ठेवायची गरज नाही.

रोजकीर्दीत नोंदी अशा. उचलीवरच्या व्याजासाठी तिघांची चालू खाती नावे, उचलीवरील व्याज खातं जमा, आणि मग ते खातं बंद करून रक्कम विनियोजन खात्याला जमा. भांडवलावरच्या व्याजासाठी भांडवलावरील व्याज खातं नावे आणि चालू खाती जमा, मग विनियोजन खातं नावे आणि व्याज खातं जमा. नोंद ९०,००० चीच करायची. आधी दीड लाख जमा करून नंतर ६०,००० उलटवू नका. उलटवलेल्या नोंदीवर वर्षभराने कोणीतरी बोट ठेवतंच.

चालू खात्यात सुरुवातीची शिल्लक शून्य धरली, तर अखेरीस असं दिसेल:

- अण्णा: ४८,००० जमा, उचल ६०,००० आणि व्याज २,४०० नावे, नावे शिल्लक १४,४००
- दाजी: ३०,००० जमा, ६०,००० आणि ३,९०० नावे, नावे शिल्लक ३३,९००
- भाचा: १२,००० जमा, ५१,००० आणि २,७०० नावे, नावे शिल्लक ४१,७००

आता ताळा. मिळालेल्या व्याजातून उचलीवरचं व्याज वजा करा: अण्णा ४५,६००, दाजी २६,१००, भाचा ९,३००. बेरीज ८१,०००, म्हणजे बरोबर निव्वळ नफ्याएवढी. ही बेरीज जुळली नाही, तर पुढे जाऊ नका. दुसरा ताळा: तिघांची उचल १,७१,०००, नफा ८१,०००, फरक ९०,०००. तिन्ही नावे शिलकांची बेरीजही ९०,०००. दुकानाने कमावलं त्यापेक्षा ९० हजार जास्त घरी गेले, हे या एका आकड्यात दिसतं. अशा वर्षी बैठकीत मी व्याजाच्या आधी हा आकडा समोर ठेवतो.

## ८. करारनाम्यात वेगळं लिहिलं असेल तर

पगारही असेल. समजा भाच्याला महिना २,५०० प्रमाणे वर्षाला ३०,००० पगार ठरलेला आहे, पण पगार आधी की व्याज आधी हे लिहिलेलं नाही. भागीदाराचा पगारही नफ्याचीच वाटणी आहे, म्हणून तो त्याच रांगेत उभा राहतो. सगळे हक्क १,८०,०००, हातात ९०,०००, प्रत्येकाला निम्मं. अण्णा ४०,०००, दाजी २५,०००, भाच्याला व्याजाचे १०,००० आणि पगाराचे १५,०००. पण करारनाम्यात “पगार प्रथम” असं असेल, तर ३०,००० आधी पूर्ण द्यायचे आणि उरलेले ६०,००० आपल्या ८ : ५ : २ प्रमाणात: ३२,०००, २०,००० आणि ८,०००. मग भाच्याला एकूण ३८,००० मिळतात, मघाच्या २५,००० ऐवजी. दोन शब्दांनी १३,००० चा फरक.

दुकानातल्या नोकराचा पगार यात आणू नका. तो खर्च आहे, नफा-तोटा खात्यात आधीच गेला.

“नफा असो वा तोटा, व्याज द्यावे” असं लिहिलं असेल. मग भांडवलावरचं व्याज वाटणी राहत नाही, कर्जाच्या व्याजासारखा खर्च होतो. ८१,००० मधून १,५०,००० गेले, ६९,००० तोटा. उचलीवरचे ९,००० आले, तोटा ६०,०००. तो सारखा वाटायचा, प्रत्येकी २०,०००. अण्णांना ८०,००० मिळून २०,००० गेले, राहिले ६०,०००. दाजींचे ३०,०००. भाच्याचे २०,००० मिळून २०,००० गेले, हाती शून्य.

बैठकीत अण्णा मागत होते ते गणित हेच. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त त्याला आधार देणारं वाक्य त्यांच्या करारनाम्यात नव्हतं. आणि ज्यांच्या करारनाम्यात ते आहे, त्यांच्यातल्या कमी भांडवलाच्या भागीदाराला सही करताना याचा अर्थ बहुधा कोणी सांगितलेला नसतो. तुमची वही लिहिताना असं वाक्य दिसलं, तर वाईट वर्ष यायच्या आधीच सगळ्यांना हा हिशोब करून दाखवा.

दुकान तोट्यात असेल. समजा ४०,००० तोटा. साध्या करारनाम्यात भांडवलावर व्याज शून्य. उचलीवरचं व्याज मात्र लागतंच. तोटा आहे म्हणून ते माफ होत नाही. ४०,००० मधून ९,००० कमी होऊन ३१,००० तोटा उरतो, तो ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. इथे मात्र नफा-तोट्याचंच प्रमाण.

## ९. करासाठी एवढं बघा

आयकरात फर्मला भागीदाराच्या व्याजाची वजावट मिळायची असेल, तर ते करारनाम्यात मंजूर असायला हवं आणि दरसाल १२ टक्के सरळव्याजाच्या वर नसावं. करारनाम्यात १८ टक्के असतील, तर १२ च्या वरचा भाग फर्मच्या उत्पन्नात परत मिळवला जातो. आमचे १० टक्के मर्यादेत आहेत.

दुसरं नवं आहे. १ एप्रिल २०२५ पासून फर्मने भागीदाराला दिलेल्या पगारावर, कमिशनवर आणि व्याजावर १० टक्के टीडीएस कापायचा असतो, वर्षात त्या भागीदाराची अशी एकूण रक्कम २०,००० च्या वर गेली तर. रोख दिली पाहिजे असं नाही, खात्यात जमा केली तरी कापणी लागते. आमच्या हिशोबात अण्णांचे भांडवलाचे ४८,००० आणि कर्जाचे ९,००० एकत्र मोजायचे, म्हणजे ५७,००० वर ५,७००. दाजींच्या ३०,००० वर ३,०००. भाच्याचे १२,००० मर्यादेच्या आत आहेत. नफ्याची वाटणी आणि भांडवलाची परतफेड यात धरायची नाही. कापलेली रक्कम चालू खात्यात नावे पडते, म्हणून अण्णा आणि दाजींच्या वरच्या शिलका टीडीएसनंतर तेवढ्याने वाढतील.

व्याजाची जमा नोंद मार्चअखेरची असल्यामुळे हिशोब ऑगस्टात पूर्ण झाला तरी टीडीएस भरायची तारीख मार्चच्याच नोंदीवरून धरली जाते, आणि उशिराचं व्याज लागतं. म्हणून साठ्याची मोजणी आणि उचलीच्या तारखा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पक्क्या करा, आणि व्याजाचा कच्चा आकडा महिना संपायच्या आत आपल्या सीएकडे पोचवा.